क्युसेकचा तक्ता आणि टीएमसीचा हिशेब

नाशिककडे पावसाने जोर धरला की गोदाकाठच्या गावांत दोन प्रकारचे आकडे फिरू लागतात. एक क्युसेकचा: नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून इतके हजार सोडले, नागमठाणला इतके हजार वाहतंय. दुसरा टीएमसीचा: नाथसागरात कालच्या दिवसात इतकं पाणी आलं. गंगापूर तालुक्याची दक्षिण हद्द म्हणजे गोदावरीच. कायगाव टोक्याला प्रवरा तिला येऊन मिळते आणि पुढे जायकवाडीचा फुगवटा. त्यामुळे इथे हे दोन्ही आकडे पाठ असणारी माणसं चहाच्या टपरीवरही भेटतात. (नाशिकचं गंगापूर धरण निराळं. गोदावरीवर ते वरच्या अंगाला आणि आपलं गंगापूर खालच्या अंगाला, एवढाच दोघांचा संबंध. तरी बातमीतल्या ‘गंगापूरमधून विसर्ग’ या शब्दांनी दरवर्षी कोणीतरी दचकतंच.)

पण पहिल्या आकड्यावरून दुसरा कसा काढतात, हे सहसा कोणी विचारत नाही. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला वाहणारे घनफूट. तो वेग आहे, आणि तो फक्त त्या क्षणापुरता खरा असतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, साठलेलं किंवा येऊन गेलेलं. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह चोवीस तास अजिबात न बदलता वाहिला तर एक टीएमसी पाणी होतं. हा भागाकार बऱ्याच जणांना ठाऊक असतो. अडचण ‘अजिबात न बदलता’ या तीन शब्दांत आहे, कारण पुराचं पाणी दर तासाला बदलतं आणि आपल्या हातात मात्र ठरावीक वेळांच्या नोंदी असतात.

हिशेब समजावा म्हणून एक नमुन्याचा तक्ता घेऊ. तो कुठल्या प्रत्यक्ष पुराचा नाही. पूर ओसरताना प्रवाह दर बारा तासांनी निम्मा होतो असं धरून मी तो तयार केला आहे, कारण मग खरं उत्तर आधीच माहीत असतं आणि पद्धत कुठे किती चुकते ते तपासता येतं.

| वेळ | प्रवाह (क्युसेक) |
|---|---|
| सकाळी ६ | ४०,००० |
| दुपारी १२ | २८,३०० |
| संध्याकाळी ६ | २०,००० |
| मध्यरात्री १२ | १४,१०० |
| दुसऱ्या दिवशी सकाळी ६ | १०,००० |

घाईत असलेला माणूस सकाळचा आकडा उचलतो आणि चाळीस हजाराला ११,५७४ ने भागतो. उत्तर येतं ३.४६ टीएमसी. ते सपशेल चूक आहे, जवळजवळ दुप्पट, कारण संध्याकाळपर्यंत नदी निम्म्यावर आलेली असते.

आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर वेळ आणि उभ्या रेषेवर प्रवाह घेतला, तर आलेलं एकूण पाणी म्हणजे नदीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ. गणितात यालाच समाकलन म्हणतात. वक्राचं सूत्र हाताशी असेल तर ते कागदावर सोडवता येतं. आपल्याकडे सूत्र नाही, पाच ठिपके आहेत. सर्वात साधा उपाय म्हणजे शेजारशेजारचे ठिपके सरळ रेषेने जोडायचे. मग प्रत्येक दोन नोंदींमध्ये एक उभी पट्टी तयार होते. तिच्या दोन बाजू समांतर आणि वरची बाजू तिरकी, म्हणजे शाळेत शिकलेला समलंब चौकोन. त्याचं क्षेत्रफळ समांतर बाजूंची सरासरी गुणिले रुंदी. म्हणून या रीतीला समलंब नियम म्हणतात.

पहिली पट्टी: ४०,००० आणि २८,३०० यांची सरासरी ३४,१५०, गुणिले सहा तास, म्हणजे २,०४,९०० क्युसेक-तास. पुढच्या तीन पट्ट्या १,४४,९००, १,०२,३०० आणि ७२,३००. चारींची बेरीज ५,२४,४००. एका क्युसेक-तासात ३,६०० घनफूट पाणी असतं, त्यामुळे हे १.८९ टीएमसी झालं. नियम एवढाच. पट्ट्या सारख्या रुंदीच्या असल्याच पाहिजेत असंही बंधन नाही. एखादी नोंद दोन तासांनी आणि पुढची सात तासांनी घेतलेली असली तरी प्रत्येक पट्टी आपापल्या रुंदीने गुणायची आणि बेरीज करायची. नदीकाठच्या नोंदवहीसाठी ही फार मोठी सोय आहे, कारण रात्रीच्या नोंदी वेळेवर होतातच असं नाही.

ही युक्ती आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जुनी आहे. मातीउ ओसेनड्रायव्हर या इतिहाससंशोधकाने २०१६ मध्ये बॅबिलोनच्या काही मातीच्या पाट्यांचा अर्थ लावून दाखवला. इसवी सनापूर्वी ३५० ते ५० या काळातल्या त्या पाट्यांवर गुरू ग्रह साठ दिवसांत आकाशात किती सरकतो याचा हिशेब आहे. रोजचा वेग सुरुवातीला १२ कला, साठ दिवसांनी साडेनऊ कला. दोन्हींची सरासरी काढून साठने गुणलं की १० अंश ४५ कला. वेगाच्या आकड्यांवरून अंतर काढण्यासाठी समलंब चौकोनच वापरला होता, तोही आलेखाचा कागद जन्माला येण्याच्या दीड हजार वर्षांहून अधिक आधी.

आता खरा प्रश्न. आपलं उत्तर १.८९ टीएमसी. ते कितपत खरं? नदीचं खरं उत्तर कोणालाच माहीत नसतं, मग चूक मोजायची कशाशी ताडून?

चुकीची दिशा तर तक्त्याकडे नुसतं बघूनही सांगता येते. ओसरता पूर आधी झपाट्याने आणि मग सावकाश खाली येतो, त्याचा वक्र खाली झोळ पडलेला असतो. दोन ठिपक्यांना जोडणारी सरळ रेषा अशा वक्राच्या वरून जाते आणि मधली फट आपण फुकटच्या पाण्यात मोजतो. म्हणून ओसरत्या पुरावर हा नियम नेहमी थोडं जास्त पाणी दाखवतो. पुराच्या माथ्यावर उलट घडतं. तिथे वक्राला कमान असते, रेषा तिच्या खालून जाते आणि पाणी कमी भरतं. एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे: चूक वक्रतेतून येते, उतारातून नाही. नदी कितीही वेगाने चढत असली, पण एकसारख्या गतीने चढत असली, तर समलंब नियम अचूक उत्तर देतो.

चूक किती हे कळण्यासाठी एक सोपी तपासणी आहे आणि तिला नवी नोंद लागत नाही. आहेत त्यातल्याच काही नोंदी मुद्दाम झाकायच्या. दुपारी बाराची आणि मध्यरात्रीची नोंद बाजूला ठेवा. उरल्या तीन, बारा-बारा तासांच्या अंतराने. त्यांवरून हिशेब: ३०,००० गुणिले १२ आणि १५,००० गुणिले १२, मिळून ५,४०,०००. आणखी पुढे जाऊन संध्याकाळची नोंदही झाकली आणि फक्त दोन टोकं घेतली तर २५,००० गुणिले २४, म्हणजे ६,००,०००.

तीन उत्तरं शेजारी ठेवा: ६,००,०००, मग ५,४०,०००, मग ५,२४,४००. पहिल्या पायरीला उत्तर ६०,००० ने उतरलं, दुसऱ्या पायरीला १५,६०० ने. म्हणजे दुसरी उडी पहिलीच्या साधारण चौथाई. हा योगायोग नव्हे. पट्टीची रुंदी निम्मी केली की वक्र आणि रेषा यांच्यातल्या फटीची उंची चौथाई होते आणि फटीची रुंदी निम्मी. एका फटीचं क्षेत्रफळ एक-अष्टमांश झालं, पण पट्ट्या दुप्पट झाल्या, म्हणून एकूण चूक चौथाई राहिली.

एवढं हाती आलं की चूक जवळजवळ आयती मिळते. सहा तासांच्या नोंदींची चूक एक भाग धरली, तर बारा तासांच्या नोंदींची चूक चार भाग. दोन उत्तरांतला फरक तीन भागांचा. हा फरक आहे १५,६००. त्याला तीनने भागलं की ५,२००. म्हणजे आपलं ५,२४,४०० हे उत्तर सुमारे ५,२०० ने जास्त आहे आणि खरं उत्तर ५,१९,२०० च्या आसपास असावं. मी तक्ता ज्या नियमाने बनवला होता, त्यातून मिळणारं अचूक उत्तर ५,१९,४०० आहे. टीएमसीत सांगायचं तर १.८७. पाच नोंदींच्या तक्त्याने आपली चूक स्वतःच एवढ्या जवळून सांगितली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

दुसरी एक तपासणी अधिक गमतीची आहे. अठराव्या शतकात ऑयलर आणि मॅकलॉरिन या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या सूत्राची पहिली पायरी सांगते की समलंब नियमाची चूक मुख्यतः तक्त्याच्या दोन टोकांवरच्या उतारांतल्या फरकावर ठरते. पट्टीच्या रुंदीचा वर्ग भागिले बारा, गुणिले शेवटचा उतार वजा सुरुवातीचा उतार. आपल्या तक्त्यात पहिल्या सहा तासांत प्रवाह तासाला १,९५० क्युसेकने उतरतो, शेवटच्या सहा तासांत तासाला ६८३ ने. फरक १,२६७. सहाचा वर्ग भागिले बारा म्हणजे तीन. गुणाकार ३,८००. नेमका ५,२०० आला नाही, कारण आपण टोकाचा नव्हे तर टोकालगतच्या पट्टीचा सरासरी उतार घेतला. पण चूक हजारांत आहे, लाखांत नाही, हे अंदाजाने समजायला तो पुरेसा आहे.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. पूर यायच्या आधीच्या संथ प्रवाहापासून ते पूर पूर्ण ओसरून पुन्हा संथ होईपर्यंतचा सगळा तक्ता घेतला, तर दोन्ही टोकांना उतार जवळपास शून्य असतो. मग माथ्यावर कमी भरलेलं पाणी आणि ओसरताना जास्त भरलेलं पाणी एकमेकांना बरंचसं फेडून टाकतात. त्यामुळे संपूर्ण पुराची बेरीज एकेका दिवसाच्या बेरजेपेक्षा भरवशाची असते. ‘काल किती टीएमसी आले’ यापेक्षा ‘या पुरात किती आले’ या प्रश्नाचं उत्तर तोच तक्ता जास्त चांगलं देतो.

अट एकच, पण कडक आहे. नोंदींच्या जाळीतून माथा निसटता कामा नये. समजा रात्री आठला १०,००० क्युसेक नोंदले आणि सकाळी आठला १४,०००. सरासरी १२,०००, गुणिले बारा तास, म्हणजे १,४४,००० क्युसेक-तास. अर्ध्या टीएमसीहून जरा जास्त. तीच रात्र कोणी दर तीन तासांनी जागून काढली आणि नोंदी १०,०००, २२,०००, ४०,०००, २४,०००, १४,००० अशा निघाल्या, तर बेरीज २,९४,००० होते, म्हणजे १.०६ टीएमसी. अर्धा टीएमसी पाणी रात्रीतून निघून गेलं आणि वहीत त्याचा मागमूस नाही. पहिल्या वहीवरून हे कळण्याचा कुठलाही गणिती मार्ग नाही. जे नोंदलंच नाही, त्याची चूक सूत्र सांगू शकत नाही.

दुसऱ्या वहीला मात्र झाकण्याची तपासणी लावून पाहा. बारा तासांनी १,४४,०००, सहा तासांनी ३,१२,०००, तीन तासांनी २,९४,०००. आधी १,६८,००० ने वर, मग १८,००० ने खाली. चौथाईचं नातं तर नाहीच, दिशाही उलटली. अशा वेळी फरकाला तीनने भागण्यात अर्थ नसतो. या आकड्यांचा निरोप इतकाच की पट्ट्या अजून माथ्याच्या मानाने रुंद आहेत आणि माथ्याजवळ आणखी नोंदी हव्यात. नोंदी नसतील तर पूर ओसरल्यावर मोजपट्टीवर किंवा पुलाच्या खांबावर उरलेली गाळाची रेघ बघावी. तिच्यावरून सर्वोच्च पातळी कळते. वेळेचा अंदाज मिळाला तर ती एक ठिपका म्हणून तक्त्यात घालता येते. पट्ट्या असमान झाल्या तरी चालतं हे वर म्हटलंच आहे.

बंधाऱ्याखाली आणखी एक प्रकार घडतो. दरवाजे उघडले की प्रवाह चढत नाही, उडी मारतो. दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर गेला, पण सहा तासांच्या पट्टीत नेमका कधी गेला हे लिहिलेलं नाही. नियम सरासरी १७,५०० धरतो. दरवाजे पट्टीच्या सुरुवातीलाच उघडले असतील तर खरा आकडा २५,०००, शेवटी उघडले असतील तर १०,०००. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना ७,५०० गुणिले सहा, ४५,००० क्युसेक-तासांपर्यंत, म्हणजे ०.१६ टीएमसी. अशी चूक पट्टी निम्मी केल्यावर चौथाई होत नाही. तिची कमाल मर्यादा फक्त निम्मी होते. इथे जास्त नोंदींपेक्षा दरवाजा उघडल्याची वेळ कामाची. ती वेळ माहीत असेल तर तक्ता तिथे तोडायचा, त्या क्षणाला आधीचा आणि नंतरचा असे दोन प्रवाह लिहायचे आणि दोन तुकड्यांची बेरीज वेगवेगळी करायची. चूक जवळपास नाहीशी होते.

इथवर आपण तक्त्यातले आकडे खरे मानून चाललो. ते खरे नसतात. क्युसेक नदीत दर नोंदीला सहसा थेट मोजत नाहीत. मोजतात ती पाण्याची पातळी, आणि ती एका तक्त्यात घालून प्रवाह वाचतात. तो तक्ता आधी अनेक वेळा पात्राच्या रुंदीभर ठिकठिकाणी खोली आणि पाण्याचा वेग मोजून बसवलेला असतो. पात्राच्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येकीतला प्रवाह काढायचा, बेरीज करायची. म्हणजे तिथेही आडव्या दिशेने असंच समाकलन आधीच झालेलं असतं. मोठ्या पुरात वेग मोजायला पात्रात उतरता येत नाही, म्हणून तक्त्याचा वरचा भाग बऱ्याचदा प्रत्यक्ष मोजणीच्या पलीकडे अंदाजाने वाढवलेला असतो. ज्या पातळीला सर्वात जास्त पाणी वाहतं, तिथेच तक्ता सर्वात कच्चा.

समजा प्रत्येक नोंदीत पाच टक्क्यांची चूक आहे. ती कधी जास्त कधी कमी अशी सुटीसुटी असेल, तर बेरजेत चुका एकमेकींना काही प्रमाणात मारतात. आपल्या पाच नोंदींच्या तक्त्यात अशी पाच टक्क्यांची चूक एकूण उत्तरात सुमारे अडीच टक्के उरते, साधारण १२,८०० क्युसेक-तास. नोंदी वाढवल्या की ती आणखी घटते. पण मोजपट्टीचा शून्य सरकला असेल, पुराने वाळू खरवडून पात्र खोल झालं असेल, तर सगळ्या नोंदी एकाच दिशेला पाच टक्के चुकतात आणि बेरीजही पाच टक्केच चुकते, २६,००० क्युसेक-तास. शेजारी ठेवून बघा: पट्ट्यांच्या रुंदीमुळे आलेली चूक ५,२०० होती, म्हणजे एक टक्का. इथे दर तासाला नोंद घ्यायला माणूस बसवून काहीही साधत नाही. झाकण्याच्या तपासणीलाही ही चूक दिसत नाही, कारण झाकलेल्या आणि उघड्या नोंदी सारख्याच चुकलेल्या असतात.

गंगापूरच्या बाजूला याचं खास स्थानिक कारणही आहे. नाथसागर भरत आला की फुगवटा नदीत मागे चढतो. फुगवटा जिथवर पोचतो तिथे पाणी वाहतं थोडं आणि उभं राहतं उंच. पातळीवरून प्रवाह वाचणारा तक्ता अशा जागी प्रवाह खरा असतो त्याहून जास्त सांगतो. एरवी मोकळ्या नदीत बसवलेला तक्ता ऐन सप्टेंबरमध्ये, धरण भरलेलं असताना, असा फसवू शकतो. म्हणून आवक मोजायची जागा फुगवट्याच्या वर असावी लागते.

मग उत्तर पडताळायचं कसं? दुसऱ्या बाजूने. तेवढ्याच वेळात नाथसागराचा साठा किती वाढला ते पाहायचं, त्यात सोडलेलं पाणी मिळवायचं, आणि प्रवरेसारखे मधले येवे वजा करायचे. पण ही तपासणीही स्वतःची चूक घेऊन येते. पूर्ण भरलेल्या नाथसागराचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर. त्यावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ३५ लाख घनमीटर, ०.१२ टीएमसी. पातळी वाचताना एका सेंटीमीटरची गफलत झाली, किंवा वाऱ्याने पाणी पैठणच्या भिंतीकडे तेवढं रेटलं, की आपल्या १.८७ टीएमसीत साडेसहा टक्क्यांचा फरक पडला. एका दिवसासाठी नदीचा तक्ता भारी ठरतो. आठ-दहा दिवसांच्या पुराला, जेव्हा पातळी मीटरने वाढते, तेव्हा साठ्याची पडताळणी भारी ठरते आणि नदीच्या तक्त्यातली एकाच दिशेची चूक तिच्यापुढे उघडी पडते. दोन्ही हिशेबांत सातत्याने एकाच बाजूला फरक राहिला तर संशय पट्ट्यांच्या रुंदीवर घेऊ नये, मोजपट्टीवर आणि पात्रावर घ्यावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा वाटेत किती मुरलं आणि किती पोचलं यावर दोन्हीकडून वाद झाले. आठ पूर्णांक सहाचे पाच टक्के म्हणजे ०.४३ टीएमसी. वरच्या मोजणीत आणि खालच्या मोजणीत प्रत्येकी पाच टक्क्यांची शंका असेल, तर अर्ध्या टीएमसीच्या आसपासच्या तुटीबद्दल ‘मुरलं’ की ‘मोजणीत गेलं’ हे तक्त्यावरून ठरवता येत नाही. एखाद्या अहवालात अशी आवक दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत छापलेली दिसली, तर त्यातला फार तर पहिला दशांश नदीचा असतो, बाकीचे कॅल्क्युलेटरचे. आपल्या नमुन्याच्या दिवसाचं उत्तर मी वहीत १.८७ असं नुसतं लिहिणार नाही. ‘१.९ टीएमसी, एक-दशांश कमी-जास्त. पट्ट्यांची चूक एक टक्का, पातळी-तक्त्याची पाच’ असं लिहीन, म्हणजे पुढच्या माणसाला कुठे दुरुस्ती करायची ते कळेल.